कळतं पण वळत नाही

आज्जीच्या दफनाच्या दिवशी थोरले मामा सगळ्यांसमोर बोलले, "आवरा की आता, भूक लागल्या मला." कबर अजून बुजवायची होती. फादर प्रार्थना म्हणत होते. आणि ज्या बाईला माती दिली जात होती ती मामांची सख्खी आई. बोलून झाल्यावर ते हसलेही, अगदी मोकळेपणाने, जणू कुणी विनोद केला आहे.

त्या दिवसापासून मामा गावाच्या दृष्टीने वाया गेले. "आईच्या मयताला हसणारा माणूस" ही ओळख बोरगावसारख्या गावात पुसायला एक पिढी लागते. मामींना मात्र ते नवीन नव्हतं. दोन वर्षांपासून घरात काय चाललंय हे त्या कुणाला सांगत नव्हत्या, एवढंच.

मामा त्यावेळी ५४ वर्षांचे होते. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. मालकांशी कन्नडमध्ये, हमालांशी मराठीत, आणि कीर्द-खतावणी दोन्ही भाषांत चोख. घरात कमी बोलणारे, पण भाचरांना परीक्षेच्या दिवशी न चुकता फोन करणारे. हा माणूस बदलला तो विसरण्यामुळे नाही. १९९८ साली अमुक व्यापाऱ्याने किती बोदं उचलली होती हे ते आजही सांगतात. बदललं ते दुसरंच. मामींच्या पायाला प्लॅस्टर होतं तेव्हा त्यांनी एकदाही "दुखतंय का" विचारलं नाही. जेवायला उशीर का, एवढंच विचारलं. पूर्वी गोडाला हात न लावणारा माणूस रोज अर्धा किलो जिलेबी संपवू लागला. अंघोळ चार-चार दिवस नाही. रोज संध्याकाळी सहाला घरापासून वेशीपर्यंत तीन फेऱ्या, पाऊस असो वा नसो. आणि फोनवरून कुणालाही पैसे पाठवणं.

घरच्यांनी काय केलं? जे कुणीही करील तेच. आधी भांडले, मग दारूचा संशय घेतला, मग बाईचा. शेवटी जवळच्या शहरात एका डॉक्टरांकडे नेलं. तिथे तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, अशी स्मृतीची नेहमीची चाचणी झाली. मामांना ३० पैकी २९ गुण मिळाले. "यांना काही झालेलं नाही, कामाचा ताण असेल," असं सांगून गोळ्या दिल्या. परत येताना मामी आईला म्हणाल्या, "सगळं आठवतंय की गं त्यांना. मग आजारी कसले? मुद्दामच करतात."

हा लेख मामींच्या त्या वाक्याबद्दल आहे. आठवण शाबूत म्हणजे मेंदू शाबूत, आणि मेंदू शाबूत म्हणजे वागणं मुद्दाम, ही साखळी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. माझं म्हणणं असं की तिची पहिलीच कडी खोटी आहे, आणि त्या खोट्या कडीपायी माणसं आजारी असताना गुन्हेगार ठरतात.

मामांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे; त्यातला वागणूक बदलणारा प्रकार. हे कळायला पुढे आणखी दीड वर्ष गेलं आणि बेंगळुरू गाठावं लागलं. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला अल्झायमर्स आठवतो : चष्मा कुठे ठेवला, मुलाचं नाव काय, घराचा रस्ता कोणता. अल्झायमर्समध्ये बिघाड सहसा हिप्पोकॅम्पसच्या आसपास सुरू होतो. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानाच्या पातळीवर असलेला हा भाग नव्या आठवणी साठवतो. म्हणून तिथे विसरणं आधी येतं. मामांच्या आजारात बिघाड सुरू होतो कपाळामागच्या फ्रंटल लोबमध्ये आणि कानशिलाजवळच्या टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला. पेशींच्या आत टाऊ किंवा टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनांच्या गाठी साचतात, पेशी मरतात, तेवढा भाग आक्रसतो. आठवणीचं कोठार बराच काळ जवळपास जागेवर राहतं. प्रागमधल्या आर्नोल्ड पिक या डॉक्टरांनी अशा रुग्णाचं पहिलं वर्णन १८९२ मध्ये केलं, म्हणजे अल्झायमर यांच्या प्रसिद्ध रुग्णाच्याही आधी. आजार बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात दिसू लागतो. अजून नोकरी चालू आहे, मुलांची लग्नं व्हायची आहेत, अशा वयात डिमेन्शियाचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

मग कपाळामागचा हा भाग एरवी करतो तरी काय? मला डॉक्टरांनी जे समजावलं ते मामांच्याच वागण्यावरून सांगते. डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर फ्रंटल लोबचा तळ असतो. मनात आलेली गोष्ट तोंडातून किंवा हातातून बाहेर पडण्याआधी तिथे अडते. दफनाच्या वेळी भूक आपल्यालाही लागते. कंटाळाही येतो. आपण बोलत नाही, कारण हा तळ भूक, समोरची कबर आणि लोकांचे चेहरे यांचा मेळ घालून "आत्ता नको" म्हणतो. दोन्ही अर्ध्या मेंदूंच्या मधल्या, एकमेकांकडे तोंड केलेल्या भिंती उठण्याची, सुरुवात करण्याची ओढ पुरवतात. त्या गेल्या की माणूस दुःखी नसतानाही नुसता बसून राहतो, अंघोळीला उठत नाही. बाहेरच्या, वरच्या बाजूला योजना आखण्याचं काम चालतं : आधी हे, मग ते, आणि मध्येच परिस्थिती बदलली तर बेत बदलणं.

राहिली गोष्ट दुसऱ्याचं दुखणं आपल्याला जाणवण्याची. ती एका जागी नसते. फ्रंटल लोबचा पुढचा भाग, त्याच्याजवळ आत दडलेला इन्सुला आणि उजव्या टेम्पोरल लोबचं टोक मिळून ते काम करतात. इन्सुला आणि मधल्या भिंतीच्या पुढच्या भागात फॉन इकोनोमो नावाच्या लांबुडक्या पेशी असतात, आणि या आजारात त्या फार लवकर नष्ट होतात असं दिसलं आहे. मामींचं प्लॅस्टर मामांना दिसत होतं. पाय मोडला आहे हे त्यांना माहीत होतं. पण त्या माहितीने जे आतून हलायला हवं ते हलत नव्हतं.

बेंगळुरूच्या तपासणीच्या वेळी मी आणि आई सोबत होतो. एक छोटी चाचणी झाली, दहा मिनिटांची, १८ गुणांची. फ्रंटल लोबसाठीच ती केलेली आहे आणि तिच्यात आठवणीचा एकही प्रश्न नाही. संत्रं आणि केळं यांच्यात सारखं काय? मामा म्हणाले, "काही नाही. एक गोल, एक लांब." एका मिनिटात 'स' वरून शब्द सांगा : "साखर, साबण, सरकार, साखर…" आणि थांबले. दोन्ही भाषांत हिशेब लिहिणारा माणूस चौथ्या शब्दाला पुन्हा साखरेवर आला. मग हाताची एक क्रिया, मूठ, कड, तळवा, याच क्रमाने टेबलावर पुन्हा पुन्हा. तिसऱ्या वेळी नुसती मूठच आपटत राहिली.

त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, "मी एकदा टकटक केलं तर तुम्ही एकदा करा. मी दोनदा केलं तर तुम्ही करायचं नाही." मामांनी नियम नीट म्हणून दाखवला. डॉक्टरांनी दोनदा वाजवलं. मामांनीही दोनदा वाजवलं. "नियम काय होता?" "तुम्ही दोनदा वाजवलं तर मी वाजवायचं नाही." परत दोनदा. मामांनी परत दोनदा. नियम तोंडात होता आणि बोटं टेबलावर वाजत होती, दोन्ही एकाच वेळी. आई माझा हात घट्ट धरून बसली होती.

आपली म्हण म्हणते, कळतं पण वळत नाही. म्हणताना आपला सूर टोमण्याचा असतो : कळत असून वळत नाही म्हणजे माणूस निगरगट्ट. पण कळणं आणि वळणं ही मेंदूत खरोखरच दोन वेगळी कामं आहेत, आणि एक मोडून दुसरं शिल्लक राहू शकतं. अमेरिकेतल्या आयोवाचे एस्लिंगर आणि दमासिओ यांनी १९८५ मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं. वैद्यकीय साहित्यात तो ईव्हीआर या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मेंदूच्या आवरणावरची गाठ काढताना त्याच्या फ्रंटल लोबचा खालचा आणि मधला भाग गेला. बुद्धी शाबूत, बुद्ध्यांक वरचा. पण नोकरी गेली, धंदा बुडाला, लग्न मोडलं. पुढे त्याला कागदावर नैतिक पेच घातले : असा प्रसंग आला तर काय करावं? त्याने उत्तम उत्तरं दिली. योग्य काय ते त्याला माहीत होतं. फक्त जगताना ती माहिती उपयोगी पडत नव्हती. आजार वेगळा, पण मामांच्या बोटांत मी तेच पाहिलं.

म्हणून मला गावाच्या न्यायाबद्दल आणि थोडं कायद्याबद्दलही बोलायचं आहे. मागच्या वर्षी मामांनी एका दुकानात बरणी उघडून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि पैसे न देता निघाले. दुकानदाराने अडवलं. "चोरी करणं चांगलं का वाईट?" मामा म्हणाले, "वाईट." झालं, पुरावा मिळाला : कळतंय म्हणजे मुद्दाम केलं. कायदाही याच धर्तीवर विचारतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानाचं कलम ८४, मनोविकाराच्या कारणाने माफी देतं ते कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे जाणण्याची क्षमता नसेल तर. म्हणजे प्रश्न कळण्याचा आहे, वळण्याचा नाही. आजाराच्या सुरुवातीचा रुग्ण "चूक आहे" असं स्वच्छ सांगतो आणि त्या प्रश्नात नापास होतो. त्या मानाने आम्हा कॅथलिकांना धर्मशिक्षणाच्या वर्गात जे शिकवतात ते मला आता जास्त नेमकं वाटतं : पाप गंभीर ठरायला पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण संमतीही हवी. दोन वेगळ्या अटी आहेत. मामांची पहिली भरते, दुसरी भरत नाही.

तुम्ही म्हणाल, असं असेल तर उद्या प्रत्येक उद्धट माणूस कपाळाकडे बोट दाखवील. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. पहिली गोष्ट, तुलना दुसऱ्या माणसाशी करायची नसते, त्याच माणसाच्या आधीच्या तीस वर्षांशी करायची. जन्मभर फटकळ असलेला माणूस आजारी नाही. पन्नाशीनंतर फटकळ झालेला आणि दर सहा महिन्यांनी आणखी बदलणारा कदाचित आहे. दुसरी गोष्ट, चोर लपवतो. मामांनी चिक्की मालकाच्या डोळ्यांसमोर खाल्ली, खिशात पैसे असताना. फायदा नाही, आडपडदा नाही, आणि पकडल्यावर शरमही नाही. तिसरी गोष्ट, लक्षणं एकटी येत नाहीत. २०११ पासून डॉक्टर सहा गोष्टी बघतात : भान सुटणं, निरुत्साह, सहानुभूती आटणं, तेच तेच करत राहणं, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि आठवण बरी असतानाही योजना करण्यात घसरण. यातली तीन असली आणि वागणं उतरत चाललं असेल तर आजाराची शक्यता धरतात. एमआरआयमध्ये पुढचा भाग आक्रसलेला दिसला की ती बळकट होते. मामांच्यात सहाही होती. आम्ही त्यांना सहा वेगवेगळे दुर्गुण समजून सहा वेगवेगळी भांडणं केली.

यात चुका दोन्ही बाजूंनी होतात. नैराश्य, उन्माद, दारू, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मेंदूतली गाठ यांनीही माणूस बदलतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून त्या आधी तपासायलाच हव्यात. नैराश्याशी गल्लत सर्वांत जास्त होते. डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली. नैराश्यात माणसाला स्वतःला त्रास होतो आणि तो ते सांगतो, किंवा चेहऱ्यावर दिसतं. इथे घरचे रडतात आणि रुग्ण म्हणतो, "मला काय धाड भरल्या?" सुरुवातीला ती १८ गुणांची चाचणीही चांगली जाऊ शकते, स्कॅनही ठीक दिसू शकतो. तेव्हा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे घरातल्या बाईने सांगितलेली हकिकत. आमच्या पहिल्या तपासणीत मामींना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या खोलीच्या बाहेर बसल्या होत्या.

आता सीमाभागातल्या मुलीने सांगावी अशी एक गोष्ट. आमच्याकडे भाषेवरून बोर्ड काळे होतात, एसटी बस अडतात. एकाहून जास्त भाषा बोलण्याबद्दल हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापला : दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला, त्यामुळे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. पुढच्या अभ्यासात त्यांनी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया वेगळा काढला. मामांसारख्या वागणुकीच्या प्रकारात दुभाषिकांना सुमारे पाच-सहा वर्षं जास्त मिळालेली दिसली. भाषा हरवण्याच्या प्रकारात मात्र काहीच फायदा दिसला नाही. तर्क असा की एक भाषा बोलताना दुसरी दाबून ठेवावी लागते, आणि हे दाबणं म्हणजे फ्रंटल लोबचंच काम. आयुष्यभराच्या सवयीने तिथे थोडी शिल्लक जमते. हा आजार टाळण्याचा उपाय नाही. मामांचं कन्नड मराठीइतकंच सफाईदार, तरी आजार आलाच. पण दोन भाषांमध्ये वाढणं म्हणजे दोन्हीकडे अर्धवट राहणं, असं कुणी म्हणालं तर मी हा अभ्यास पुढे करते.

उपचाराबद्दल खोटं बोलणार नाही. हा आजार थांबवणारं औषध आज नाही. अल्झायमर्समध्ये देतात त्या आठवणीच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, कधी चिडचिड वाढवतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हट्ट आणि खाखा थोडी कमी होते, मामांची झाली. बाकी सगळा फरक पडला तो घरातल्या बदलाने. बँकेचं खातं मामींसोबत जोडलं आणि फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा पाचशेवर आणली. गोडाचे डबे कुलपात गेले. दुकानदाराला मामींनी दोन हजार आगाऊ दिले आणि "खाल्लं तर लिहून ठेवा" म्हणून सांगितलं; तो आता वहीत लिहितो, आरडाओरडा करत नाही. संध्याकाळच्या तीन फेऱ्या आम्ही बंद केल्या नाहीत, चुलतभाऊ सोबत जातो. आणि सर्वांत अवघड बदल, मामींनी वाद घालणं सोडलं. नियम समजावून उपयोग नाही, नियम त्यांना पाठच आहे.

मामींचं दुःख मात्र गोळीने किंवा कुलपाने जात नाही. विसरणाऱ्या माणसाची बायको निदान म्हणू शकते, "तो मला ओळखत नाही." मामा मामींना ओळखतात. लग्नाची तारीख, हुंड्यात नाकारलेली भांडी, पहिल्या बाळाच्या वेळचा पाऊस, सगळं सांगतात. फक्त त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. निदान झालं त्या रात्री मी मामींना विचारलं, आता बरं वाटतंय का. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षं मी त्यांना वाईट माणूस समजले गं. ते आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं."

मी हे लिहिलं ते तेवढ्यासाठीच. तुमच्या घरात, गल्लीत पन्नाशीचा कुणी माणूस अचानक "तसा" झाला असेल, आणि त्याला सगळं आठवतंय म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, तर त्याला तारीख-वार विचारू नका. त्याच्या बायकोला विचारा, हे आधी असे होते का. आणि ती "नव्हते" म्हणाली तर तिला डॉक्टरांच्या खोलीत आत न्या, बाहेरच्या बाकावर बसवू नका.